‘विशिष्ट समाज’ लिहू की नाव लिहू?

*नमस्कार ताई,*

*मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. नीतिमत्तेच्या पेपरसाठी एक कल्पित घटना दिली आहे. एका शहरात धार्मिक मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, काही जण जखमी झाले, तीन दुकानं जळाली आणि एक व्हिडिओ फिरतो आहे. तिची बातमी लिहायची आणि आपल्या प्रत्येक निर्णयाचं समर्थन द्यायचं. मी पहिलं वाक्य असं लिहिलं: ‘मिरवणुकीवर विशिष्ट समाजाच्या जमावाने तुफान दगडफेक केल्याने शहरात तीव्र पडसाद उमटले.’ सरांनी ‘विशिष्ट समाजा’भोवती लाल गोल काढला. प्रेस कौन्सिल म्हणते समाजाचं नाव टाळा. मैत्रीण म्हणते नाव लपवणं म्हणजे वाचकाशी खोटं बोलणं. कोणाचं ऐकू? आणि व्हिडिओ खरा की खोटा हे डेस्कवर बसून कसं ठरवायचं?*

*– एक विद्यार्थिनी*

प्रिय मैत्रिणी,

सरांनी एका ठिकाणी गोल काढला, मी त्याच वाक्यात चार ठिकाणी काढला असता. पण त्यांनी ज्यावर बोट ठेवलंय तिथूनच सुरुवात करू.

‘विशिष्ट समाज’ हा शब्दप्रयोग आपल्या मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळलाय की तो सावधपणाचं लक्षण वाटतो. प्रत्यक्षात तो काहीच झाकत नाही. मिरवणूक कोणाची हे सांगून झाल्यावर ‘विशिष्ट’ म्हणजे कोण, हे वाचकाला क्षणात कळतं. शिवाय नाव घ्यायलाही संकोच वाटावा असं काहीतरी या लोकांनी केलंय, अशी एक सूचना त्या आडपडद्यातून जाते, ती वेगळीच. म्हणजे नाव घेण्याचा सगळा परिणाम होतो आणि नाव घेण्याची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही. पुढे कोणी विचारलं, ‘हे कशावरून?’, तर बातमीदार म्हणू शकतो, ‘आम्ही कोणाचं नाव कुठे घेतलं?’

त्याच्याही आधीचा प्रश्न पडताळणीचा आहे. दगड मारणारे कोण होते, हे तुला कसं कळलं? संध्याकाळची वेळ, गर्दी, दगड गच्चीवरून किंवा गल्लीच्या तोंडातून आलेले. बहुतेक वेळा बातमीदाराला कळलेलं असतं ते एवढंच की दगड अमुक गल्लीच्या बाजूने आले. त्या गल्लीत बहुतांश घरं एका धर्माच्या लोकांची आहेत, एवढ्यावरून तो ‘त्या समाजाचा जमाव’ असं लिहून मोकळा होतो. दिशा कळली होती, त्यानं धर्म छापला. म्हणून जे कळलं तेवढंच लिही: दगड कोणत्या बाजूने आले, साधारण किती जण दिसले, हे कोणी पाहिलं, आणि पाहणारा कुठे उभा होता.

आता प्रेस कौन्सिलबद्दल. ‘समाजाचं नाव टाळा’ एवढंच सूत्र लक्षात ठेवून तू मार्गदर्शक तत्त्वं वाचलीस तर समर्थन लंगडं पडेल. त्यांत म्हटलंय ते असं: धार्मिक वाद आणि संघर्षाच्या बातम्या तथ्यांची योग्य पडताळणी करून, संयमाने द्याव्यात, सनसनाटी, चिथावणीखोर, घबराट पसरवणारे मथळे टाळावेत, दंगलीतल्या बळींचे समाजनिहाय आकडे देऊ नयेत, आणि भावना भडकतील किंवा तणाव वाढेल अशा शैलीत लिहू नये. ‘या समाजाचे इतके आणि त्या समाजाचे इतके’ अशी दोन रकान्यांची मांडणी दुसऱ्या दिवशी बदल्याचा हिशेब म्हणून वाचली जाते, म्हणून ती मनाई आहे आणि ती रास्त आहे. पण धर्माचा उल्लेख कधीच, कुठेही करू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मी डेस्कवर एक कसोटी लावते. धर्म हे हल्ल्याचं कारण किंवा लक्ष्य होतं, हे दाखवता येतंय का? येत असेल तर तो बातमीचा भाग आहे आणि तो नावानिशी, स्पष्ट लिहायचा. प्रार्थनास्थळावर हल्ला झाला तर ते कोणतं प्रार्थनास्थळ हे सांगावंच लागेल. धर्म फक्त वर्णन म्हणून येत असेल, म्हणजे काढून टाकला तरी घटना तितकीच समजत असेल, तर तो काढायचा.

ही कसोटी तुझ्या तीन दुकानांना लावून बघ. ती तिन्ही एकाच समाजाची असतील आणि मधली दुसऱ्यांची दुकानं जशीच्या तशी उभी असतील, तर ती निवडून जाळली गेली, आणि हीच त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी आहे. ती लपवली तर ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यावर अन्याय होईल. इथे तुझी मैत्रीण बरोबर आहे. पण ‘निवडून जाळली’ असं लिहायचं तर आधी ती रांग पायी फिरावी लागते. रांगेत एकूण दुकानं किती, कोणती जळाली, कोणती वाचली, वाचलेल्यांची शटर्स लोखंडी होती का, आग एका दुकानातून शेजारच्यात पसरली का, हे बघावं लागतं. गाळ्याचा मालक आणि धंदा करणारा भाडेकरू हे बऱ्याचदा वेगवेगळ्या समाजांचे असतात. पाटीवर एक नाव, भाडेकरारावर दुसरं. फक्त पाटी वाचून निष्कर्ष काढलास तर दुसऱ्या दिवशी मालक येऊन उभा राहील आणि तुझी बातमी कोसळेल.

म्हणून वेळेचाही विचार कर. पहिल्या रात्री, रस्त्यावर लोक असताना आणि रांग कोणी फिरलेलं नसताना, ‘तीन दुकानं जळाली’ एवढंच पुरे. पंचनामा झाला, तू स्वतः फिरलीस, नुकसान झालेल्यांशी बोललीस, की दोन-तीन दिवसांनी ‘कोणाची आणि का’ हे सविस्तर लिही. मला अनेक वर्तमानपत्रांत याच्या उलट घडताना दिसतं. पहिल्या रात्री ऐकीव माहितीवर सगळं सांगितलं जातं, आणि खरी माहिती हाती येते तेव्हा विषय शिळा झाला म्हणून जागाच मिळत नाही. याची मला मनापासून चीड येते, कारण ज्याचं दुकान जळालं त्याच्यासाठी विषय शिळा झालेला नसतो.

आता उरलेले गोल. ‘तुफान’ आणि ‘तीव्र’ कापून टाक. दगड किती वेळ पडत होते, किती अंतरावर पडले, किती गाड्यांच्या काचा फुटल्या, हे कळलं असेल तर ते लिही. कळलं नसेल तर विशेषणानं ती जागा भरू नकोस. ‘पडसाद उमटले’ यात अडचण अशी की हे कोणीच केलेलं नाही, ते आपोआप झालं. दुकान कोणीतरी पेटवलं असेल तर ‘अज्ञात व्यक्तींनी दुकान पेटवलं’ असं लिही. आग कशी लागली तेच माहीत नसेल तर ‘दुकान जळालं’ एवढंच. ‘पडसाद’, ‘उद्रेक’, ‘संतापाची लाट’ हे तिन्ही शब्द करणाऱ्याला गायब करतात आणि वर त्याला एक सबबही देतात.

पण मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘केल्याने’. या एका प्रत्ययानं तू निकाल दिलास: दगडफेक आधी, बाकी सगळं तिच्यामुळे. तणावाच्या बातमीत सुरुवात कुठून धरली यावर दोष कोणावर जातो ते ठरतं. एक बाजू सांगते, ‘आम्ही शांतपणे जात होतो, दगड आले.’ दुसरी सांगते, ‘ते प्रार्थनास्थळासमोर थांबले, घोषणा दिल्या, मग वाद झाला.’ दोघांचाही अनुभव खरा असू शकतो, प्रत्येकानं गोष्ट आपल्या ठिकाणापासून सुरू केलेली असते.

इथे बाजू न घेता पुढे जायचं तर घड्याळ हवं, आणि तेही दोन्ही बाजूंचं नसलेलं. अशी घड्याळं असतात. आपत्कालीन 112 क्रमांकावर पहिला फोन कधी आला आणि फोन करणारा काय म्हणाला, याची नोंद असते. अग्निशमन दलाकडे वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, हे त्यांच्या नोंदवहीत असतं. सरकारी रुग्णालयात मारहाणीचा जखमी आला की त्याची वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, म्हणजे एमएलसी, म्हणून वेळेसकट नोंद होते. दुकानांच्या सीसीटीव्हीत वेळ दिसते, पण ती डोळे मिटून घेऊ नकोस, त्या कॅमेऱ्यांची घड्याळं सर्रास पुढे-मागे असतात. फायरब्रिगेडची गाडी त्याच कॅमेऱ्यात दिसली तर तिच्या नोंदीशी ताडून किती मिनिटांचा फरक आहे ते काढता येतं.

तुझ्या कल्पित घटनेत समज असं निघालं: 112 ला पहिला फोन 7 वाजून 22 मिनिटांनी, ‘मिरवणूक थांबलीय, बाचाबाची चाललीय’ असा. पहिला जखमी रुग्णालयात 7:50 ला. अग्निशमनला वर्दी 8:35 ला. यातून दोन गोष्टी कळतात. बाचाबाचीचा फोन आला आणि त्यानंतर साधारण अर्ध्या तासात पहिला जखमी दाखल झाला, म्हणजे ‘अचानक दगड आले’ हे विधान आता तपासून घ्यावं लागेल. आणि आगीची वर्दी त्या पहिल्या फोननंतर तासाहून अधिक वेळाने आली आहे, म्हणजे ‘दगडफेकीच्या भरात दुकानं जळाली’ हे सहज म्हणता येणार नाही. मधल्या काळात काय झालं आणि पोलीस कुठे होते, हा पुढचा प्रश्न. कोणी सुरू केलं, हे मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि तसं सूचितही करायचं नाही.

मग कॉपीची सुरुवात साधारण अशी होईल:

‘शहरात गुरुवारी सायंकाळी धार्मिक मिरवणुकीदरम्यान झालेल्या दगडफेकीत नऊ जण जखमी झाले, तर रात्री बाजारपेठेतील तीन दुकाने जळाली. जखमींपैकी दोघांवर उपचार सुरू असून इतरांना घरी सोडल्याचे रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले. मिरवणूक चौकात थांबल्यानंतर बाचाबाची झाल्याचा पहिला दूरध्वनी 7 वाजून 22 मिनिटांनी आल्याची नोंद पोलीस नियंत्रण कक्षात आहे. दगडफेक कोणी सुरू केली याबाबत परस्परविरोधी तक्रारी दाखल झाल्या आहेत.’

यात कोणाचा धर्म नाही, पण आडपडदाही नाही. प्रत्येक वाक्य कोणाच्या भरवशावर उभं आहे ते दिसतं. ‘परस्परविरोधी तक्रारी’ हे शब्द जपून वापर. अशा घटनांत दोन्ही बाजूंच्या फिर्यादी दाखल होणं नेहमीचं आहे. जी आधी नोंदवली गेली ती जास्त खरी, असं नसतं. फिर्याद म्हणजे तक्रारदाराचं म्हणणं. ‘पोलिसांच्या माहितीनुसार’ असं लिहून फिर्यादीतला मजकूर उतरवला, की तक्रारदाराचा आरोप पोलिसांचा निष्कर्ष म्हणून छापला जातो. ही गल्लत रोज होते.

‘नऊ जखमी’ हा आकडा कुठून आला तेही समर्थनात सांग. जखमी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवला जातो, आणि दोन्हीकडच्या नोंदी मिळवून बेरीज केली की एकच माणूस दोनदा मोजला जातो. नावं ताडून बघायची, छापायची नाहीत. मृत्यूचा आकडा वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा प्रशासनाने दुजोरा दिल्याशिवाय एकानेही वाढवायचा नाही. 1990 च्या डिसेंबरमध्ये अलीगढला दंगल सुरू असताना तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात एका धर्माच्या रुग्णांना ठार मारलं जात आहे, अशी अफवा उठली आणि काही हिंदी वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. ती खोटी होती. रुग्णालय तिथेच होतं, डॉक्टर होते, रुग्णांच्या याद्या होत्या.

आता व्हिडिओ. तुझ्या पेपरसाठी पालघरचं उदाहरण घे, कारण त्यात भाषा आणि पडताळणी दोन्ही एकत्र येतात. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांची जमावाने हत्या केली. त्या आदिवासी पट्ट्यात चोर आणि मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा आधीपासून पसरल्या होत्या. घटनेचा व्हिडिओ बाहेर आला आणि त्याला ओळ जोडली गेली की हल्लेखोरांत कोणीतरी ‘शोएब’ अशी हाक मारतं आहे. ती ओळ वाचून ज्यांनी तो व्हिडिओ ऐकला त्यांना तेच ऐकू आलं. प्रत्यक्षात आवाज होता ‘ओए बस, ओए बस’, म्हणजे थांबवणाऱ्याचा. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना हे जाहीरपणे सांगावं लागलं, आणि अटक केलेल्या 101 जणांत एकही मुस्लिम नाही हेही.

यातून डेस्कवर काय शिकायचं? कान मथळ्याच्या आधीन असतो. म्हणून ज्या व्हिडिओत कोणी काय म्हणालं यावर सगळा दावा उभा आहे, त्याचा फक्त आवाज वेगळा काढायचा आणि ज्यांनी ती ओळ वाचलेली नाही अशा दोन सहकाऱ्यांना ऐकवायचा. ‘काय ऐकू आलं ते कागदावर लिहा’ म्हणायचं, ‘हे नाव ऐकू येतंय का’ असं विचारायचं नाही. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर तो आवाज पुरावा म्हणून वापरायचा नाही. दुसरं, त्या भागाच्या बातमीदाराला विचारायचं: गावात कोण राहतं, गेल्या आठवड्यात काय अफवा होत्या. पालघरच्या बाबतीत अफवांची ही पार्श्वभूमी माहीत असती तर त्या व्हिडिओखालची ओळ वाचतानाच शंका यायला हवी होती.

या उदाहरणात तुझ्या मूळ प्रश्नालाही एक वेगळं वळण मिळतं. एरवी आपण धर्माचा उल्लेख टाळा म्हणतो, पण तिथे धर्म सांगणं आवश्यक झालं, कारण खोटा धर्म आधीच फिरत होता आणि मौन त्या खोट्याला पोसत होतं. समाजाचं नाव कधी घ्यावं याचं हे आणखी एक उत्तर आहे, ते असाइनमेंटमध्ये जरूर घे. मात्र आरोपींच्या नावांची जी यादी जाहीर झाली, ती मी छापली नसती. ‘आरोपींत अमुक समाजाचं कोणी नाही’ या एका वाक्यानं काम होतं, त्यासाठी खटला उभा राहण्याआधी माणसांची नावं घरोघरी पोचवायची गरज नसते.

आवाजाव्यतिरिक्त बाकीची तपासणी तुलनेने सरळ आहे. व्हिडिओतल्या तीन-चार स्पष्ट चौकटी काढून त्यांचा उलट प्रतिमाशोध घ्यायचा. जुना व्हिडिओ नव्या घटनेच्या नावाने फिरणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. 2013 मध्ये मुझफ्फरनगरच्या दंगलीच्या वेळी कवाल गावातला म्हणून जो हत्येचा व्हिडिओ पसरवला गेला तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा, 2010 चा होता. शोधात काही सापडलं नाही तर व्हिडिओ खरा ठरत नाही, तो पूर्वी इंटरनेटवर त्या शोधयंत्राला दिसला नाही एवढंच ठरतं. पुढे दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश, सावल्यांवरून वेळ, रस्ता ओला की कोरडा, हे बघायचं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलमधली मूळ चित्रीकरणाची माहिती निघून गेलेली असते, म्हणून ज्यानं चित्रीकरण केलं त्याच्यापर्यंत पोचून त्याच्या फोनमधली मूळ फाइल बघायचा प्रयत्न करायचा. आणि ती तीस सेकंदांची असेल तर एकतिसावं सेकंद आणि आधीचं सेकंद मागायचं. खरा व्हिडिओसुद्धा कुठे कापला यावरून खोटं सांगू शकतो.

प्रेस कौन्सिलच्या तत्त्वांत एक कलम असं आहे की हिंसाचाराचं वार्तांकन करताना कायदा-सुव्यवस्था यंत्रणेवरचा लोकांचा विश्वास ढासळू नये. यावर मी वेगळं मत मांडते आणि तूही विचार करून मांड. अफवेच्या रात्री ‘पोलीस कुठेच नाहीत’ असं बेजबाबदारपणे लिहिलं तर लोक स्वतःच काठ्या घेऊन बाहेर पडतील, इथवर ते कलम मला पटतं. पण आपल्या वेळापत्रकात मधला जो तास आला, त्यात बंदोबस्त कुठे होता हे विचारणं थांबवायला ते कलम वापरलं जाऊ नये. नोंदींच्या आधारे, पोलीस अधीक्षकांचं म्हणणं सोबत घेऊन, तो प्रश्न छापायलाच हवा.

राहिला मथळा. तो बहुधा तू लिहिणार नाहीस, डेस्क लिहील, आणि मोबाइलवरच्या सूचनेत फक्त तोच दिसेल. म्हणून कॉपीसोबत आपला मथळाही पाठव: ‘मिरवणुकीदरम्यान दगडफेक, नऊ जखमी, तीन दुकाने जळाली’. छायाचित्र निवडतानाही तेच बघ: ज्वाळा असलेला फोटो सहज मिळेल, पण आग विझली असेल तर त्याखाली वेळ टाक, नाहीतर वाचकाला वाटेल आत्ताही जळतंय.

समर्थनाच्या भागासाठी माझी सूचना अशी. निबंध लिहू नकोस, कॉपीतल्या एकेका विधानासमोर लिही: हे कोणी सांगितलं, त्याला स्वतःला कसं माहीत, दुसऱ्या कोणाकडून ताडलं, आणि काय माहीत असूनही गाळलं व का. प्रत्यक्ष कामातही असा कागद तारीख-वेळ टाकून ठेवायचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्ये समाजांत वैर पसरवणारी खोटी माहिती वा अफवा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आणि त्याच कलमात असा अपवाद आहे की विधान खरं मानायला वाजवी कारण होतं आणि ते सद्हेतूने केलं असेल तर गुन्हा ठरत नाही. वाजवी कारण होतं हे दाखवायला तुझ्याकडे तो कागदच असेल. ‘गाळलं व का’ हा रकाना मात्र रिकामा ठेवू नकोस. सरांच्या जागी मी असते तर सगळ्यात आधी तोच वाचला असता.

– तुझी ताई